दोन पानांचं निरोपाचं भाषण

आमचं तालुक्याचं गाव कोणतं ते सांगत नाही. सांगून कशाला भांडण ओढवून घ्या! वाटूरच्या फाट्यावर एस.टी. बदलावी लागायची, एवढं पुरे. बहात्तरच्या दुष्काळाला तीन वर्षं होऊन गेली होती. मी तिथल्या पंचायत समितीत नवा कनिष्ठ लिपिक होतो आणि स्वतःला मोठा साहित्यिक समजत होतो. एक वही होती माझ्याकडं. तिच्यात मी चांगली चांगली वाक्यं जमवायचो, बायका लोणच्याच्या कैऱ्या जमवतात तशी. 'कर्तव्याच्या यज्ञकुंडात आयुष्याची समिधा', 'सेवाव्रताचा नंदादीप', असलं काहीबाही. या वहीची बातमी साहेबांना लागली आणि माझ्या नशिबी भाषणं लिहिणं आलं.

साहेब म्हणजे आमचे गटविकास अधिकारी. पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे, सहीला भिणारे. त्यांनी एके दिवशी मला बोलावलं आणि एक चिठोरं पुढं सरकवलं. खतांच्या परिपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं आठ मुद्दे लिहिलेले होते.

"मोठे बाबू महिनाअखेरीला निवृत्त होताहेत. सभापती बोलणार आहेत. या मुद्द्यांवरून भाषण तयार करा. वाचून दाखवता येईल असं."

मी मुद्दे वाचले. एक, सेवा तेहतीस वर्षे. दोन, वक्तशीरपणा. तीन, अजातशत्रू. चार, सुंदर हस्ताक्षर. पाच, दुष्काळातील चोख काम. सहा, पत्नीची साथ. सात, उर्वरित आयुष्य. आठवा मुद्दा होता 'इत्यादी'.

तेहतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या वाट्याला शेवटी 'इत्यादी' यावं! पण मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. उलट आनंद झाला, की वहीतली वाक्यं खपवायला जागा मिळाली.

आता सभापतींबद्दल सांगायला पाहिजे, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. सभापतींना सगळे 'दादा' म्हणायचे. मोठे जमीनदार, पांढरा फेटा, आवाज असा की बाजारात बोलले तर बैल वळून बघावेत. पण निजामाच्या राज्यात शिकलेला माणूस. त्या काळी शाळा उर्दूतून. दादांना उर्दू लिपी बोटाखाली होती आणि देवनागरी मात्र एकेक अक्षर चाचपत वाचायचे. समोर मराठी भाषणाचा कागद ठेवला, की 'मा... न... नीय' करता करता श्रोते चहाला उठायचे. म्हणून बारा वर्षांपासून आमच्या कार्यालयात एक पद्धत पडली होती. भाषण मराठीत लिहायचं आणि मग तेच मराठी उर्दू अक्षरांत उतरवायचं. भाषा मराठी, अक्षरं उजवीकडून डावीकडं. दादा ते खडाखडा वाचायचे आणि लोक म्हणायचे, काय बोलतात हो दादा, कागदाकडं बघतसुद्धा न्हाईत!

हे उतरवायचं काम अख्ख्या कार्यालयात एकच माणूस करू शकत होता. मोठे बाबू, आमचे हेडक्लार्क. ते आणि दादा लहानपणी एकाच शाळेत, एकाच तरटावर बसलेले. दादा अडले, की तेव्हाही बाबूच मागून सांगायचे म्हणे. आता सभापतींच्या खुर्चीमागं एक लाकडी स्टूल असायचं. त्यावर बाबू बसायचे. दादा कुठं अडले की मान जराशी मागं झुकवायचे, बाबू हळूच शब्द द्यायचे, दादा तो गर्जून बोलायचे. बारा वर्षांत जितके लोक निवृत्त झाले, तितक्यांची स्तुती बाबूंच्या अक्षरातून आणि बाबूंच्या कुजबुजीतून गेली.

आता पंचाईत अशी, की निवृत्त होत होते बाबूच. म्हणजे ज्याची स्तुती, त्यानंच ती नकलून द्यायची! नवरदेवानं स्वतःच्याच वरातीत बाजा वाजवावा तसला प्रकार. साहेबांनी दोन दिवस दुसरा माणूस शोधला. उर्दू शाळेचे एक मौलवी होते, पण त्यांना मराठी येईना. शेवटी साहेब म्हणाले, "त्यांनाच द्या. संकोच वाटला तर वाटू दे."

मी रात्र जागून, माफ करा, दुपारच्या जेवणाला बसून भाषण लिहिलं. सात पानं झाली. पहिल्याच पानावर यज्ञकुंड पेटवलं. ते घेऊन बाबूंकडं गेलो.

बाबू म्हणजे काडीसारखा माणूस. काळी टोपी, कोटाच्या खिशाला दोन टाक, नाकावर चष्मा. त्यांनी सात पानं शांतपणे वाचली. मी कौतुकाची वाट बघत उभा. त्यांनी चष्मा काढला.

"हे माणूस मेल्यावर वाचायचं का आत्ता?"

"बाबू, निरोपाचं आहे."

"मंग निरोप दे ना. बस इथं."

आणि त्या दुपारी बाबूंनी मला मुद्द्यांचं भाषण कसं करायचं ते शिकवलं. पुढं पस्तीस वर्षं मी त्याच शिकवणीवर भाकरी खाल्ली, हे कबूल करतो.

"पहिली गोष्ट," बाबू म्हणाले, "मुद्दा कागदावर उभा राह्यतो. भाषणाला चालावं लागतं. 'वक्तशीरपणा' म्हणून थांबलास तर ऐकणारा म्हणंल, बरं मंग? त्याला एक गोष्ट दे. सकाळी कुलूप कोण उघडायचं ते सांग. दुसरं, एक ओळ म्हंजे एक दम. दम संपला की ओळ संपली पाहिजे. दादांना पान खायची सवय, दम कमी. मोठ्यानं वाचून बघ आणि जिथं तुला श्वास घ्यावा लागंल तिथं ओळ मोड."

मी वाचून बघितलं. यज्ञकुंडाच्या वाक्यात मला तीनदा श्वास घ्यावा लागला आणि एकदा ठसका लागला.

"तिसरं, आकडे लिहू नको. एकोणीसशे बेचाळीस ते पंच्याहत्तर असं कुणी बोलतं का? 'बेचाळीस सालापासून' म्हण. कंस न्हाई, 'इत्यादी' न्हाई. ते डोळ्याला दिसतं, कानाला न्हाई. चौथं, असले जोडशब्द माझ्या लिपीत बसत न्हाईत. 'कर्तव्यतत्पर' उर्दूत लिहिला तर त्याचं काय वाचलं जाईल ते अल्लालाच माहीत. दादा घरी बोलतात तेवढेच शब्द घे."

"पण मग भाषण साधं वाटेल."

"साधंच बराबर ऐकू येतं, लेका. आणि शेवटचं, हे ध्यानात ठेव." त्यांनी दोन कागद शेजारी ठेवले. "भाषण दोन पानांचं. सहा मिनिटं. आणि वाक्य कधी पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ द्यायचं न्हाई. पान उलटताना वाक्य तुटलं तर वाचणारा उघडा पडतो. बारा वर्षांत मी एकदाबी तसं होऊ दिलं न्हाई."

मी सगळं मान्य केलं. मनात म्हटलं, म्हातारा खडूस आहे. पण लिहायला बसलो. यज्ञकुंड विझलं. नंदादीप विझला. 'अजातशत्रू' काढला तेव्हा मात्र जीव हळहळला. आमच्या कार्यालयातून कुणीच शत्रू असलेला माणूस कधी निवृत्त झालेला नव्हता. लाच खाताना सापडलेला एक पर्यवेक्षकसुद्धा अजातशत्रू म्हणूनच गेला होता.

पाचव्या मुद्द्याशी आलो. दुष्काळातील चोख काम. "बाबू, याला गोष्ट कोणती देऊ?"

बाबू उठले, दार लोटलं, कपाटातून एक फाईल काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

"ही दे."

ती गोष्ट मला अर्धवट माहीत होती, सगळ्यांनाच होती. बहात्तर साली दादांच्या गावाला पाण्याचा टँकर जायचा. तो रोज दादांच्या घरासमोरच्या आडात रिकामा व्हायचा. गावातल्या बौद्धवस्तीला त्या आडात पोहरा टाकता येत नव्हता. वस्तीतलाच एक तरुण मास्तर गावच्या शाळेवर होता. त्यानं अर्ज केला, टँकर आमच्या वस्तीकडं येत न्हाई म्हणून. दोन ओळींचा अर्ज. चौकशी लागली. चौकशीत निघालं, की सर्व वस्त्यांना समान पाणी मिळालं, तक्रार खोटी आहे. दादांनी सांगितलं, तेव्हाच्या साहेबांनी सही केली आणि बाबूंनी सुंदर हस्ताक्षरात ते लिहिलं. शिवाय मास्तरच्या गोपनीय अहवालात एक शेरा पडला: 'खोट्या तक्रारी करण्याची सवय आहे. पदोन्नतीस अयोग्य.' तोही बाबूंच्याच अक्षरात. मुद्दा क्रमांक चार, सुंदर हस्ताक्षर!

मास्तरची बदली लांब झाली. त्याच्या मागचे तिघं मुख्याध्यापक झाले. तो जिथं होता तिथंच.

"मी तो शेरा रद्द करा म्हणून तीनदा टिपणी ठेवली," बाबू म्हणाले. "हे बघ."

मी बघितलं. तीन टिपण्या, तीन तारखा आणि तिन्हींवर आताच्या साहेबांच्या हातचे तेच दोन शब्द. 'चर्चा करा.' सरकारी नोकरीत नव्या असलेल्यांसाठी सांगतो: 'चर्चा करा' म्हणजे फाईल मेली, पण अजून पुरायची न्हाई.

"मंग चर्चा केलीत का?"

"गेल्तो ना तीनदा. साहेब म्हणतात, दादांना विचारतो. दादांना कोण विचारतंय? परवा मी या खुर्चीवरून उठंल. माझ्यानंतर ही फाईल कोण उघडंल? तू?"

मी उघडली नसती. खरं ते खरं.

"मला सूटकेस नको, शाल नको," बाबूंचा आवाज एकदम चढला, "ते अक्षर डोळ्यांपुढून हलत न्हाई. माझ्या हातानं लिहिलंय ते. त्या पोरानं पाणी मागितलं आणि मी त्याला खोटारडा लिहिलं. जाण्याआधी ते पुसायचंय. भाषणात घाल. दादांच्या तोंडून चारचौघांत निघालं, की साहेबांचं पेन आपोआप चालतं."

हे मात्र बरोबर होतं. सही साहेबांची लागायची आणि साहेबांचं पेन दादांच्या मानेकडं बघून चालायचं.

मी घरी येऊन विचार केला. माझी नोकरी कायम व्हायची होती. तेव्हा मी एक शूर वाक्य लिहिलं: 'दुष्काळाच्या काळात काही गैरसमज झाले असतील तर ते आज सर्वांनी विसरावेत.' यात मास्तर न्हाई, टँकर न्हाई, आड न्हाई. कुणाचा कुणाशी गैरसमज, तेही न्हाई. माझ्या शौर्याची एवढीच धाव होती. हे वाक्य घेऊन साहेबांकडं गेलो, तर साहेबांनी लाल पेन्सिलीनं तेसुद्धा उडवलं.

"अहो, गैरसमज म्हटलं की लोक विचारणार, कसला? त्यापेक्षा 'दुष्काळात चोख काम केले' एवढंच ठेवा. चोख या शब्दाला कुणी काही विचारत नाही."

लाल रेघ मारलेली प्रत मी बाबूंना नेऊन दिली. त्यांच्याकडं बघायची हिंमत झाली न्हाई. ते नुसतं "ठीक" म्हणाले, टाक शाईत बुडवला आणि उजवीकडून डावीकडं लिहू लागले. संध्याकाळी कार्यालय सुटेपर्यंत त्यांची दोन पानं झाली.

"जसंच्या तसं उतरवलं ना, बाबू?"

"बिलकुल."

मला त्या लिपीतलं अलिफसुद्धा येत नव्हतं. दोन्ही पानं मी उलटीसुलटी करून बघितली आणि लय समजल्यासारखी मान हलवली.

समारंभ महिन्याच्या शेवटच्या तारखेला, समितीच्या सभागृहात. खुर्च्या एका मंगल कार्यालयातून आणलेल्या, तिथलं तोरण चुकून बरोबर आलं होतं. त्यामुळं बाबूंच्या डोक्यावर 'शुभविवाह' लटकत होतं. भेट म्हणून सूटकेस. वाटूर फाट्यापलीकडं जो माणूस आयुष्यात चारदा गेला असंल, त्याला सूटकेस! बाबूंच्या मंडळी पुढच्या रांगेत नऊवारीत बसल्या होत्या. आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पांढरा सदरा घातलेला एक माणूस. तो मास्तर होता. बाबूंनी स्वतः पत्र घालून त्याला बोलावलं होतं. साहेबांनी त्याला बघितलं आणि चहाचा कप बशीत ठेवताना आवाज झाला.

भाषणं सुरू झाली. कर्मचारी संघटनेचे पुढारी म्हणाले, बाबू अजातशत्रू. शिक्षण विस्तार अधिकारी म्हणाले, अजातशत्रू. ग्रामसेवकांचे प्रतिनिधी म्हणाले, दोन्ही वक्त्यांनी सांगितलंच आहे, तरी मी सांगतो, बाबू अजातशत्रू. शेवटच्या रांगेतला मास्तर प्रत्येक वेळी मान खाली घालून ऐकत होता.

मग दादा उभे राहिले. त्यांच्या खुर्चीमागचं स्टूल आज रिकामं होतं. बाबू सत्कारमूर्ती म्हणून शेजारच्या मोठ्या खुर्चीवर बसलेले. दादांनी सवयीनं एकदा मागं बघितलं, मग शेजारी बघितलं, मग कागद धरला.

वाचायला लागले आणि मी ताठ झालो. माझी वाक्यं होती! एक दम, एक ओळ. "बेचाळीस सालापासून हा माणूस सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप काढतोय." लोक हसले, टाळ्या वाजल्या. पत्नीच्या साथीचा मुद्दा बाबूंनी वर घेतला होता. "वहिनी, तुम्ही यांना डबा दिला, आम्ही यांना फायली दिल्या. दोन्ही यांनी कधी अर्धवट परत न्हाई आणलं." वहिनींनी पदर तोंडाला लावला. हे माझं नव्हतं. बाबूंनीच घातलं असणार. म्हातारा खडूस नव्हता तर!

मग दुष्काळ आला. "बहात्तर साली बाबूंनी चोख काम केलं." साहेबांनी समाधानानं मान डोलावली. दादा पुढं वाचत होते. बारा वर्षांची सवय. डोळे पुढची ओळ उचलायचे आणि तोंड मागची टाकायचं, मधे डोकं यायचंच न्हाई. "पण एक काम चोख झालं न्हाई. ते त्यांना डाचतंय." साहेबांची मान डोलता डोलता थांबली. "आपल्या गावच्या मास्तरनं एक अर्ज केला होता. टँकर आमच्या वस्तीकडं येत न्हाई म्हणून."

सभागृहात पंखा होता, त्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"आपण त्याला खोटं ठरवलं. बाबूंनी ते लिहिलं." आता दादांचा आवाज खाली आला होता. डोकं मधे आलं होतं. पण ते थांबले न्हाईत, का थांबता आलं न्हाई कुणास ठाऊक. "आज या सभेत सांगतो, त्या मास्तरची तक्रार"

आणि पान संपलं.

दादांनी पान उलटलं. वाचलं. पुन्हा पहिल्या पानाकडं आले. पुन्हा उलटलं. वाक्य तुटलं होतं! बाबूंच्या हातून, बारा वर्षांत पहिल्यांदा, पानावर वाक्य तुटलं होतं.

पुढं बसलेल्या लोकांना वाटलं, दादांना गहिवरून आलं. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पाण्याचा पेला पुढं केला. साहेब हळू आवाजात म्हणाले, "दादा, उर्वरित आयुष्य, उर्वरित आयुष्य घ्या." सातवा मुद्दा. दादांनी त्यांच्याकडं बघितलंही न्हाई. नेहमीच्या सवयीनं त्यांनी मान झुकवली, मागं न्हाई, शेजारी, बाबूंकडं. बाबूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं. दोन म्हातारे, एकाच तरटावर बसलेले. किती वेळ गेला सांगता येत न्हाई, पण शेवटच्या रांगेतला मास्तर उभा राहिला होता, तेवढं मला आठवतं.

दादा सरळ झाले.

"खरी होती," ते म्हणाले. मग कागद खाली केला आणि शेवटच्या रांगेकडं बघून पुन्हा म्हणाले, "मास्तर, खरी होती. पाणी माझ्या आडात जायचं."

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. मला रडू आलं, लपवत न्हाई. मास्तर तसाच उभा होता. त्यानं हात जोडले न्हाईत. नुसता उभा राहिला आणि थोड्या वेळानं खाली बसला. दादांनी पुढचं पान अडखळत-धडपडत वाचून संपवलं. मग पेढे वाटले. साहेब पेढा हातात धरून खिडकीशी उभे होते, तो त्यांनी खाल्ला न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबू किल्ल्या द्यायला आले. निवृत्त झालेला माणूस, पण आले ते सगळ्यांच्या आधी. किल्ल्या खिशात होत्या, पण कुलूप काढायचं आता आपलं काम न्हाई म्हणून बाहेर पायरीवर बसले होते. ती फाईल त्यांच्या हातात होती, ती त्यांनी माझ्यापुढं केली. समारंभानंतर ती घेऊन ते आधी दादांकडं आणि मग साहेबांकडं जाऊन आले होते. 'चर्चा करा' असा तिसऱ्यांदा लिहिलेला शेरा होता, त्याच्याखाली उर्दूत एक ओळ आणि दादांची लफ्फेदार सही.

"काय लिहिलंय?"

"चर्चा झाली."

आणि त्याच्याखाली साहेबांच्या शुद्ध अक्षरात: 'शेरा रद्द. मंजूर.' खाली सही. सहीला भिणाऱ्या माणसाची, पण सही.

मला एक विचारायचंच होतं. भाषणाचे ते दोन उर्दू कागद मी टेबलाच्या खणात ठेवले होते. आत जाऊन ते काढले. "बाबू, एवढे नियम मला शिकवलेत आणि तुमचंच वाक्य पानावर तुटलं! पाचावर धारण बसली होती माझी. बरं झालं तुम्ही वेळेवर शब्द पुरवलात."

"मी कुठं पुरवला?"

"अहो, दादा झुकले तेव्हा, 'खरी होती' म्हणून..."

"मी तोंड उघडलं न्हाई."

मला वाटलं, चेष्टा करून राह्यले. बाबूंनी पहिलं पान घेतलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ अर्ध्यात थांबली होती. तिच्यापुढं बोटभर कोरा कागद होता. मग दुसरं पान. त्याची पहिली ओळ बाबूंनी मला वाचून दाखवली: "आता बाबू, तुमचं उरलेलं आयुष्य सुखात जावो." मधलं काहीच न्हाई. 'खरी' न्हाई, 'होती' न्हाई. ते वाक्य चुकून तुटलं नव्हतं.

"मंग तुम्ही लिहिलंच न्हाई? आणि ते 'खोटी होती' म्हणाले असते तर?"

"म्हणाले असते तर म्हणाले असते." बाबूंनी चष्मा पुसला. "बारा वर्षं ते माझंच बोलले, लेका. ज्याला त्याला चांगला म्हणाले, ते मी लिहिलं म्हणून. तेसुद्धा मी लिहून दिलं असतं तर ते माझंच झालं असतं. त्या मास्तरला माझा शब्द काय करायचा? माझा शब्द एकदा त्याच्या फाईलीत पडलाय. त्यांचा एक तरी शब्द त्यांचा असावा म्हणून जागा सोडली."

किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून ते गेले. सूटकेस कार्यालयातच विसरली होती.